पट्टीने आखलेली सावली

माझ्या नणंदेला घरात कुणीच तिच्या नावाने हाक मारत नाही. ती पट्टी. शाळेत असताना फुटपट्टी घेऊन घरातली टेबलं, खिडक्या, झोपलेल्या भावाचे पाय असं काय वाटेल ते मोजत फिरायची, म्हणून माझ्या नवऱ्याने हे नाव ठेवलं, आणि ते तिला जे चिकटलं ते आजतागायत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "वहिनी, ओटा तुमच्या उंचीला कमी पडतोय. कंबर दुखेल." मला राग आला. महिनाभरात कंबर दुखायला लागली.

पट्टी आर्किटेक्ट झाली, परीक्षेत वरच्या नंबरात आली, आणि आमच्याच गावातल्या एका मोठ्या ऑफिसात लागली. तिचे साहेब मनाने चांगले, कामाला वाघ. पण ऑफिसात सगळ्या इमारती साहेबांच्या. पट्टीच्या वाट्याला जिने, संडास, पार्किंग आणि दर्शनी भागाची चित्रं. गावातल्या कितीतरी इमारतींमधली प्रत्येक वीट तिने कागदावर आखली, पण "ही माझी" असं बोट दाखवावं अशी एकही नव्हती. तिने तक्रार केली नाही. मला मात्र ते सलायचं.

आमचं गाव म्हणजे भट्टी. वर्षातले बरेच महिने कोरडी हवा, ओठ फुटतात, दाराच्या कड्या दुपारी हाताला भाजतात. पाऊस येतो तो उपकार केल्यासारखा. अशा गावात आमच्या वस्तीचं वाचनालय होतं दोन खोल्यांचं, वर पत्रा. तिथल्या ग्रंथपालबाई हुशार आणि जिभेच्या तिखट. उन्हाळ्यात दुपारी त्या दारावर कुलूप घालायच्या, कारण आत बसलं की डोकं फुटायची वेळ. परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं-पोरी, पेपर वाचणारी म्हातारी माणसं, सगळी घरी परत. माझे सासरे त्यातलेच. त्यांना सगळे बाबा म्हणतात. पेपर अर्धवट टाकून आले की बाबा दिवसभर अस्वस्थ.

मग नगरपालिकेने वाचनालयाला पूर्वेला आणि पश्चिमेला रस्ता असलेला एक रिकामा तुकडा दिला आणि वस्तीत उत्साह संचारला. इमारतीसाठी समिती झाली. अध्यक्ष म्हणून निवृत्त कालवा-इंजिनियर, शिस्तीचे, पांढऱ्या शर्टाला कधी सुरकुती नाही. बायकांच्या बाजूने मी. ग्रंथपालबाई अर्थातच. अध्यक्षांनी आराखड्याचं काम पट्टीच्या साहेबांना दिलं, आणि साहेबांनी ते टाकलं पट्टीच्या टेबलावर. "समोरून काच हवी," त्यांनी सांगितलं, "बँकेसारखी. लोकांना वाटलं पाहिजे की काहीतरी नवीन झालंय."

पट्टीने आखून दिलं. तिने आखलं की ते सुबकच होणार. समितीच्या बैठकीत साहेबांनी मोठं रंगीत चित्र भिंतीला लावलं: जागेच्या बरोबर मध्ये चकचकीत पेटी, पश्चिमेला तोंड, पुढे काचच काच, चारी बाजूंनी फरशीचं मोकळं मैदान. बैठकीला वस्तीतली माणसंही आली होती. सगळे वा वा करत होते. मीही केलं, कारण चित्र पट्टीने काढलेलं होतं.

बाबा मागच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी हात वर केला. "मला एकच विचारायचंय. दुपारी वीज गेली, एसी बंद पडला, तर मी यात कुठे बसू?"

साहेब म्हणाले, "जनरेटरची सोय करता येईल."

"तो बंद पडला तर?"

काही लोक हसले. साहेबांनी पट्टीकडे पाहिलं. तिने आराखड्याचे बारकावे सांगून वेळ मारून न्यावी अशी त्यांची अपेक्षा असणार. पट्टी उठून उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते, ते मला लांबूनही दिसलं.

"यात कुठेच नाही, बाबा," ती म्हणाली. "पश्चिमेचं ऊन संध्याकाळपर्यंत थेट काचेतून आत येईल. सूर्य खाली आलेला असतो, छज्जा काढून उपयोग नाही. चारी बाजूंची फरशी तापेल आणि तीच हवा खिडकीतून आत येईल. वीज गेली की ही पेटी आत्ताच्या वाचनालयाच्या पत्र्यापेक्षा वाईट."

साहेबांच्या चेहऱ्यावर एक रंग येत होता, एक जात होता. मला वाटलं, गेली हिची नोकरी.

"मग हे काढलंस कशाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"सांगितलं म्हणून."

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. "ठीक आहे," ते जरा कोरडेपणाने म्हणाले. "टीका सोपी असते. तू दाखव दुसरं. तुझ्या नावाने दाखव. मी मध्ये येणार नाही."

आम्ही घरी आलो. पट्टी दाराशी चपला काढताना म्हणाली, "वहिनी, मी मूर्खपणा केला का?" मी म्हटलं, "केलास. आता नीट निस्तर."

त्यानंतर आमच्या घरात वाचनालय राहायला आलं. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा, डिंक, कात्री. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवायला लागलो. माझा नवरा म्हणायचा, "पुस्तकांना घर मिळेल तेव्हा मिळेल, आम्ही मात्र बेघर झालो." पट्टी सुट्टीच्या दिवशी त्या रिकाम्या जागेवर छत्री घेऊन जायची. वारा कुठून येतो, धूळ कुठून येते, दुपारी माणसं कुठे थांबतात. तिथे पूर्वेच्या रस्त्यावर बसचा थांबा आहे, पण त्याला छप्पर नाही. लोक विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक रांगेत उभे राहायचे, इतकी बारीक सावली. पट्टी हे सांगताना हसली नाही.

तिची कल्पना मला तिने वाटाण्यांवर शिकवली. मी वाटाणे सोलत होते. तिने टरफलं उचलली आणि परातीत कडेकडेने लावली, मधली जागा रिकामी ठेवली. "सगळे इमारत मध्ये ठेवतात आणि मोकळी जागा बाहेर. आपण उलटं करायचं. खोल्या कडेला, मोकळी जागा आत. बाहेरच्या भिंती जाड आणि जवळपास बंद. उजेड आणि हवा मधल्या अंगणातून. रात्री आभाळ मोकळं असतं, अंगण आणि भिंती आपली उष्णता वर सोडून निवतात. गार हवा जड असते, ती खाली अंगणात उतरते, तिथून खोल्यांत. सकाळी ती आत कोंडून ठेवायची."

"म्हणजे रात्री उघडं, दिवसा बंद."

"अगदी तेच. शिपायाने एवढं एकच काम चुकवायचं नाही."

"आणि दार?"

इथे तिचे डोळे चमकले. "दार म्हणजे एक फळी नाही, वहिनी. उन्हातून आलेल्या माणसाला एकदम खोलीत ढकललं तर त्याला काही दिसत नाही, आणि त्याच्यामागून गरम वारा आणि धूळ येते. त्याला हळूहळू आत घ्यायचं. आधी रस्त्यावर खोल छज्ज्याखाली बसायला कट्टा. मग एक अंधारलेली, वळण घेणारी बोळ. वळणामुळे वारा आणि धूळ सरळ आत घुसत नाहीत. मग अंगणाभोवतीची पडवी. मग वाचायची खोली. तिथे पोचेपर्यंत डोळे निवलेले असतात आणि माणूसही."

मी ते वाटाणे बराच वेळ शिजायला टाकले नाहीत.

पहिल्यांदा तिने नुसते नकाशे दाखवले ते ग्रंथपालबाईंना, आमच्याच घरी. बाईंनी चष्मा पुसला आणि नकाशावर बोट ठेवलं. "मी इथे कोपऱ्यातल्या खोलीत बसणार? आणि पोरं तिकडे पलीकडे पानं फाडणार? मी एकटी आहे, बाई. मला काय मानेला चाकं आहेत?" पट्टी नकाशा घेऊन दोन दिवस खाली मान घालून बसली. मग तिने बाईंचं टेबल बोळ संपते त्या कोपऱ्यात आणलं. तिथून दार दिसतं, आणि मोकळ्या अंगणापलीकडे पडवी आणि दोन्ही वाचनखोल्या एका नजरेत येतात. बाईंनी पुन्हा बोट ठेवलं, या खोलीतून त्या खोलीत फिरवलं आणि म्हणाल्या, "आता मी कुणालाच सोडणार नाही." हे त्यांचं कौतुक.

अध्यक्ष एवढ्यावर मानणारे नव्हते. दुसऱ्या बैठकीत पट्टीने पुठ्ठ्याचं मॉडेल टेबलावर ठेवलं तेव्हा त्यांनी वरून वाकून पाहिलं. "मधे हा खड्डा कशाला? आणि उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो. तेव्हा तुझं अंगण म्हणजे तवा. बरोबर?"

"बरोबर," पट्टी म्हणाली.

साहेब कोपऱ्यात हाताची घडी घालून बसले होते. ते जरा पुढे सरकले.

"चला, बाहेर उन्हात जाऊ," पट्टी म्हणाली आणि मॉडेल उचलून चालायला लागली. आम्ही सगळे तिच्यामागे. अंगावर ऊन पडताच लोकांनी डोक्यावर रुमाल धरले. मॉडेलच्या कडेला तिने कागदाचं छोटं सूर्यघड्याळ चिकटवलं होतं, आपल्या गावाच्या अक्षांशासाठी आखलेलं. त्यावर एक टाचणी उभी, आणि खाली महिन्यांच्या नि तासांच्या रेषा. "मॉडेल फिरवून, कलवून टाचणीच्या सावलीचं टोक ज्या रेषेवर आणाल, त्या महिन्यातलं त्या वेळचं ऊन मॉडेलमध्ये पडतं," ती म्हणाली, आणि अध्यक्षांच्या हातात दिलं. "तुम्हीच फिरवा."

अध्यक्ष इंजिनियर माणूस. त्यांनी ते खेळण्यासारखं हातात धरलं आणि मग हरवूनच गेले. थंडीतली सकाळ. उन्हाळ्यातली संध्याकाळ. पश्चिमेची आंधळी, बिनखिडकीची भिंत उन्हाने भरून गेली, पण आत एक कवडसा नाही. त्या भिंतीला लागून तिने संडास आणि सामानाची खोली ठेवली होती. ऊन त्यांनी खावं, वाचणाऱ्यांनी नाही. मग अध्यक्षांनी मुद्दाम उन्हाळ्यातली दुपार लावली. अंगणाच्या मधोमध लख्ख चौकोन पडला. पडवीत मात्र सगळीकडे गर्द सावली.

"चौकोन आहे," अध्यक्ष विजयाने म्हणाले.

"आहेच," पट्टी म्हणाली. "त्या वेळी अंगणात कुणी बसणार नाही, पडवीत बसतील. अंगणाला काळी फरशी नको, फिकट मुरूम चोपून घालू. आणि हे." तिने खिशातून मलमलीचा तुकडा काढला आणि दोऱ्यांवर अंगणावर ओढला. चौकोन विझला. "दिवसा कापड ओढायचं, रात्री मागे सारायचं. ते विसरलं की उष्णता आत अडकेल. एका कोपऱ्यात झाड लावू, ते मोठं झालं की कापडाचं काम कमी होईल."

"आणि पाऊस? आमच्याकडे येतो तो एकदम येतो. पुस्तकं बुडवायची आहेत?"

इथे पट्टी अडखळली. पाण्याचा उतार तिने काढला होता, पण अध्यक्षांनी दोन-तीन प्रश्नांत त्यातली चूक दाखवली: पाणी बोळीकडे तुंबलं असतं. ती म्हणाली, "हे मला सुचलं नव्हतं. तुम्ही काढून द्याल?" आणि अध्यक्षांनी भर उन्हात, पांढऱ्या शर्टाला घामाचे डाग पडलेले असताना, पुठ्ठ्यावर पेन्सिलने बाण काढले. अंगण खोल्यांपेक्षा पायरीभर खाली, उतार झाडाच्या कोपऱ्याकडे, तिथे शोषखड्डा. साहेब माझ्या शेजारी येऊन उभे होते. हळूच म्हणाले, "ही ऑफिसात कधी एवढं बोलत नाही." मी म्हटलं, "तुम्ही कधी विचारलंत?"

एवढं होऊनही एक खुसपट उरलंच. रस्त्यावरच्या कट्ट्याला अध्यक्षांचा विरोध. "रिकामटेकडे येऊन बसतील. वाचनालय आहे, धर्मशाळा नाही."

"बसू देत," पट्टी म्हणाली. "आज सावलीला बसतील, उद्या आत डोकावतील."

"हे तुझं म्हणणं. पुरावा काय?"

तेव्हा तिने आम्हा सगळ्यांना कामाला लावलं. जागेवर चुन्याने खोल्यांच्या रेषा मारल्या. पूर्वेच्या दाराशी खऱ्या उंचीचे बांबू रोवले, त्यांना गोणपाटाच्या भिंती, वर जुन्या चादरींचा छज्जा, वळणदार बोळ, पुढे विटा रचून त्यावर फळ्यांचा कट्टा. माझ्या दोन चांगल्या चादरी त्यात गेल्या, त्याबद्दल मी अजून बोलते. नवरा बांबू धरून म्हणाला, "लहानपणी हिने माझे पाय मोजले, आता माझी कंबर मोडतेय." दुपार झाली तशी सूर्य पश्चिमेला कलला आणि त्या खोट्या इमारतीची सावली तिच्याच पुढ्यात, कट्ट्यावर आणि पार रस्त्यापर्यंत पसरली. दार पूर्वेला का, हे मला तेव्हा कळलं.

समिती आली तेव्हा त्यांना बसायला जागाच नव्हती. बसची वाट पाहणारी माणसं कट्ट्यावर येऊन टेकली होती. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. एक भाजीवाली पाटी खाली ठेवून पदराने वारा घेत होती. एक माणूस पत्रावळीसारखा पसरून घोरत होता. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, "बघा, म्हटलं नव्हतं?" आणि ते बोलत असतानाच भाजीवाली उठली, बोळीत शिरली, वळणापाशी थांबली आणि ओरडून विचारलं, "आत काय होणार हो इथे?"

"वाचनालय," पट्टी म्हणाली.

"मग माझ्या मुलीला जागा ठेवा. घरी तिला अभ्यासाला कोपरा नाही."

अध्यक्ष पुढे झाले. ते बोळीत गेले, वळून बाहेर आले, पुन्हा आत गेले. मग त्या घोरणाऱ्या माणसाच्या पायाशी उरलेल्या वीतभर जागेत बसले आणि रुमालाने मान पुसली. बराच वेळ बसले. शेवटी म्हणाले, "कट्टा जरा लांब कर. आणि पाण्याचे माठ ठेवायला इथे कोनाडा."

आराखडा मंजूर झाला त्या दिवशी साहेबांनी स्वतः अंतिम नकाशे छापून आणले. खालच्या चौकटीत जिथे नेहमी त्यांचं नाव असतं, तिथे लिहिलं होतं: "मूळ संकल्पना" आणि पुढे माझ्या नणंदेचं नाव. पूर्ण नाव, घरात कुणी न घेणारं. बाबांनी तो कागद भिंगातून वाचला. मग घडी न घालता कपाटावर उभा ठेवला. माझ्या नवऱ्याने तो वाचून विचारलं, "ही कोण?" आणि पट्टीने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

इमारत उभी राहायला वेळ लागला, तो लागतोच. पट्टी रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट तिकडे. गवंड्याशी वाद, सुताराशी वाद. पश्चिमेच्या भिंतीत एक तरी खिडकी ठेवू म्हणून मागे लागलेल्या लोकांशी वाद. छतावर चुन्याचा पांढरा थर नीट झाला नाही तेव्हा तिने तो पुन्हा करून घेतला. तापतं ते आधी छत, हे तिचं पाठ झालेलं वाक्य आता गवंडीही इतरांना ऐकवतो.

उगाच फुगवून सांगत नाही. वाचनालय थंडगार नाही. उन्हाळ्यात पंखे लागतात, धुळीचं वादळ आलं की अंगण झाडायला अर्धा दिवस जातो, आणि पहिल्याच वर्षी शिपाई रात्री कापड मागे सारायला विसरला तेव्हा दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फरक कळला. पण दुपारी तिथे बसवतं. वीज गेली तरी बसवतं. आता ग्रंथपालबाईंच्या कुलपाला दुपारची सुट्टी आहे. परीक्षेच्या दिवसांत पडवीत जागा मिळवायला पोरी सकाळी लवकर येतात, आणि झाड अजून माझ्या कमरेइतकंच असलं तरी त्याला पाणी कोण घालणार यावरून भांडतात.

मागच्या आठवड्यात शेजारच्या गावातून काही माणसं इमारत पाहायला आली. त्यांना दवाखाना बांधायचा आहे. त्यांना फिरवून दाखवत होते ते आमचे अध्यक्ष. "हा खड्डा नाही," ते ठासून सांगत होते, "हे अंगण. हेच इमारतीचं फुफ्फुस." पाहुण्यांनी विचारलं, हे कुणी केलं. अध्यक्षांनी मान वळवून शोधलं. पट्टी त्या वेळी पडवीच्या टोकाला, जमिनीवर गुडघे टेकून, खांबाच्या पायथ्याशी पडलेली एक बारीक भेग मोजत होती.

"त्या," अध्यक्ष म्हणाले. "पण थांबा जरा. मोजून झाल्याशिवाय त्या बोलायच्या नाहीत."

पाहुणे थांबले. मीही त्यांच्याबरोबर थांबले, छाती जरा पुढे काढून, कारण मी तिची वहिनी.